भुईकाट्यावरची रांग: दहा गाड्या की वीस?

नाशिक जिल्ह्यातल्या एका कांदा बाजाराला लागून माझ्या मावसभावाचा भुईकाटा आहे. काटा एकच, त्यावर ऑपरेटरही एकच. लिलाव झाला की कांद्याची ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा पिकअप काट्यावर येते, वजन होतं, पावती निघते आणि गाडी व्यापाऱ्याच्या खळ्याकडे जाते. गेल्या हंगामात रांग रोज रस्त्यावर येऊ लागली. शेतकरी वैतागले होते, बाजारातून तक्रारी येत होत्या, आणि दादा दुसरा काटा बसवण्यासाठी कर्जाची चौकशी करत होता. मी कॉलेजात ऑपरेशन्स रिसर्च शिकवते. एक खिडकी, एक रांग, आगमन दर, सेवा दर हे गणित दरवर्षी फळ्यावर सोडवते. म्हणून त्याला म्हटलं, "दादा, कर्ज काढण्याआधी तीन दिवस मला मोजू दे."

माझ्याबरोबर शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी आले. एकाला आवाराच्या फाटकावर बसवलं, दुसऱ्याला काट्याशेजारी स्टॉपवॉच देऊन उभं केलं. खाली दिलेले आकडे त्या मोजणीचेच आहेत, फक्त गणित हाताने सोडवता यावं म्हणून सोयीच्या अंकांवर आणले आहेत.

काट्यावरच्या मुलाने आधी चाकं थांबल्यापासून पावती निघेपर्यंतचा वेळ मोजायला सुरुवात केली होती. त्याला थांबवलं. ट्रॉली काट्यावर चढायला वेळ घेते, चारही बाजूंनी चाकं आत आहेत ना हे पाहावं लागतं, आणि पावती हातात आल्यावरही गाडी उतरेपर्यंत पुढच्याला चढता येत नाही. काटा तेवढा वेळ अडलेलाच असतो. म्हणून रांग असताना आधीच्या गाडीचं मागचं चाक उतरल्यापासून या गाडीचं मागचं चाक उतरेपर्यंतचा वेळ धरायचा. तसं मोजल्यावर सरासरी आली अडीच मिनिटं. तासाची साठ मिनिटं भागिले अडीच, म्हणजे तासाला २४ गाड्या. हा झाला सेवा दर:

μ = २४ गाड्या प्रति तास

इथे वर्गात हमखास होणारी एक चूक सांगून टाकते. गणितात "सेवेला सरासरी अडीच मिनिटं लागतात" असं दिलेलं असतं आणि मुलं μ = २.५ लिहून मोकळी होतात. अडीच मिनिटं हा वेळ आहे, दर नाही. दर म्हणजे ठरावीक वेळात किती गाड्या. शिवाय आगमन तासाला मोजलं असेल तर सेवाही तासालाच मोजायला हवी. एक मिनिटात आणि दुसरं तासात राहिलं की उत्तर दिसायला ठीक दिसतं आणि पूर्ण चुकलेलं असतं.

फाटकावरच्या मुलाने तीन तासांत ३० गाड्या मोजल्या. म्हणजे आगमन दर λ = तासाला १०. गाड्या कशाही, आपापल्या वेळी येतात, वजनाचा वेळ कमी-जास्त होतो आणि जो आधी आला त्याचं वजन आधी, असं धरलं तर रांगेतल्या सरासरी प्रतीक्षेचं सूत्र सोपं आहे:

Wq = λ ÷ [μ × (μ − λ)]
Wq = १० ÷ (२४ × १४) = सुमारे ०.०३ तास

म्हणजे जेमतेम पावणेदोन मिनिटं. वजनाची अडीच मिनिटं मिळवली तर रांगेत शिरल्यापासून काट्यावरून उतरेपर्यंत सव्वाचार मिनिटं. सूत्र असंही सांगत होतं की काटा तासातली पस्तीस मिनिटं रिकामा असायला हवा, कारण त्याचा वापर १० भागिले २४, म्हणजे ४२ टक्क्यांच्या आसपासच होतोय.

हा आकडा मी ऑपरेटरला वाचून दाखवला. तो म्हणाला, "मॅडम, सकाळी आठला बसतो ते अकरापर्यंत मला चहाला उठता येत नाही. पस्तीस मिनिटं कुठून काढली तुम्ही?"

त्याचं बरोबर होतं. आमच्या डोळ्यांसमोर रांगेत पाच-सहा गाड्या उभ्या होत्या. पावणेदोन मिनिटांच्या प्रतीक्षेत एवढी रांग लागत नाही. अशा वेळी सूत्राला नावं ठेवण्याआधी त्यात घातलेला आकडा तपासायचा. आणि तपासायला फार लांब जावं लागलं नाही. काट्याच्या दुसऱ्या बाजूने, खळ्याकडून, एक रिकामी ट्रॉली परत येऊन त्याच रांगेच्या शेपटाला लागली.

कांदा भरलेल्या गाडीचं वजन घेतलं तर त्यात गाडीचंही वजन येतं. निव्वळ कांद्याचं वजन हवं असेल तर खळ्यावर माल उतरवून रिकामी गाडी पुन्हा काट्यावर आणावी लागते. भरलेल्या वजनातून रिकाम्याचं वजन वजा केलं की शेतकऱ्याचे पैसे ठरतात. थोडक्यात, फाटकातून आलेली प्रत्येक गाडी काट्यावर दोनदा येते. फाटकावर १० मोजल्या, पण काट्यासमोर तासाला २० येत होत्या. हे बाजारातल्या पोरासोरालाही माहीत आहे, मलाही माहीत होतं. पण "किती गाड्या येतात" हा प्रश्न मनात आला की आपण फाटकाकडे पाहतो. λ म्हणजे सेवा देणाऱ्यासमोर येणाऱ्यांचा दर. आवारात, इमारतीत किंवा गावात येणाऱ्यांचा नव्हे. दवाखान्यात रिपोर्ट दाखवायला पुन्हा येणारा पेशंट, बँकेत फॉर्म चुकल्यामुळे परत रांगेत लागणारा खातेदार, हे सगळे λ मध्ये दुसऱ्यांदा मोजावे लागतात.

आता नव्याने:

λ = २०, μ = २४
वापराचं प्रमाण ρ = २० ÷ २४ = ०.८३
Wq = २० ÷ (२४ × ४) तास = १२.५ मिनिटं
रांग आणि वजन मिळून लागणारा वेळ W = १ ÷ (२४ − २०) तास = १५ मिनिटं

आगमन दुप्पट झालं, पण रांगेतली प्रतीक्षा दुप्पट झाली नाही, सातपट झाली. काटा रिकामा राहण्याचा वेळ तासाला दहा मिनिटांवर आला, तोही तुकड्यातुकड्यांत. चहाला उठता येत नाही म्हणजे काय ते आता आकड्यात दिसलं.

रांगेतल्या आणि काट्यावरच्या मिळून सरासरी गाड्या किती? तासाला २० येतात आणि प्रत्येक गाडी पाव तास थांबते, म्हणून L = २० × ०.२५ = ५. आणि फक्त रांगेतल्या? वर्गातली निम्मी मुलं चटकन सांगतात, "चार, कारण एक काट्यावर." उत्तर Lq = ४.१७ आहे. पाचातून एक वजा करायचा नसतो, ०.८३ वजा करायचे असतात, कारण काट्यावर कायम गाडी असतेच असं नाही. तासातली दहा मिनिटं तो रिकामा असतो, त्यामुळे काट्यावरच्या गाड्यांची सरासरी एकपेक्षा कमी भरते. हा फरक दिसायला बारीक आहे, पण तो कळला की L आणि Lq पाठ करावे लागत नाहीत.

या पायरीवर दादाने विचारलेला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. तो म्हणाला, "तासाला चोवीस गाड्यांची माझी ताकद आहे, येतात वीस. ताकद जास्त आहे ना? मग रांग लागतेच कशाला?"

त्याला मी पावतीच्या मागच्या बाजूला चार गाड्या मांडून दाखवल्या. समजा गाड्या घड्याळ लावून आल्या, दर तीन मिनिटांनी एक, आणि प्रत्येकीला बरोबर अडीच मिनिटं लागली. नऊला पहिली येते, अडीच मिनिटांनी ती उतरते, अर्धा मिनिट काटा रिकामा, मग दुसरी येते. कोणालाच थांबावं लागत नाही. बारा मिनिटांत चार गाड्या झाल्या आणि काटा एकूण दोन मिनिटं रिकामा राहिला.

आता त्याच चार गाड्या त्याच बारा मिनिटांत येऊ देत, पण ९:००, ९:०१, ९:०२ आणि ९:०३ ला. पहिलीला थांबावं लागत नाही. दुसरीचा नंबर ९:०२ वाजून ३० सेकंदांनी लागतो, म्हणजे ती दीड मिनिट थांबली. तिसरी तीन मिनिटं थांबली, चौथी साडेचार. ९:१० ला सगळ्या मोकळ्या झाल्या आणि ९:१२ पर्यंत काटा पुन्हा दोन मिनिटं रिकामा. गाड्या तेवढ्याच, काम तेवढंच, रिकामा वेळही तेवढाच. पण पहिल्या वेळी एकूण प्रतीक्षा शून्य, दुसऱ्या वेळी नऊ मिनिटं. शेवटची ती दोन रिकामी मिनिटं उचलून ९:०३ च्या गर्दीला देता येत नाहीत. गाड्या नसताना वाया गेलेली ताकद साठवून ठेवता येत नाही, आणि गाड्या एकदम आल्या की लागलेली रांग मात्र साठून राहते. रांग लागते ती सरासरीमुळे नाही, सरासरीभोवतीच्या चढउतारामुळे. वजनाचा वेळही असाच चढउतार करतो. एखादा पिकअप दीड मिनिटात मोकळा होतो, एखादी लांब ट्रॉली मागेपुढे घेण्यातच चार मिनिटं खाते.

सेवा दर आणि आगमन दर यांच्यातलं अंतर जितकं कमी, तितका हा चढउतार जिरवायला वाव कमी. सूत्रात छेदाला (μ − λ) आहे तो याच कारणाने. आमच्या काट्यावर ते अंतर चार आहे. तासाला दोन वजनं वाढून λ = २२ झाला तर अंतर दोनवर येतं आणि रांगेतली प्रतीक्षा साडेबारावरून साडेसत्तावीस मिनिटांवर जाते. आणखी एक वाढून २३ झाला की साडेसत्तावन्न मिनिटं. म्हणजे २० चे २३ होताना काम फक्त १५ टक्क्यांनी वाढलं आणि प्रतीक्षा साडेचार पटींनी. बाजारात "काल बरं होतं, आज काय झालं कोण जाणे" असं जे म्हणतात, ते बहुतेक वेळा या तीन वजनांचं काम असतं.

λ हा μ इतका झाला किंवा त्याच्या पुढे गेला तर सूत्र वापरायचंच नाही. λ = २६ घातला तर W उणे अर्धा तास येतो. परीक्षेच्या पेपरात मी हे उत्तर खरोखर वाचलेलं आहे, खाली दोन रेघा मारून. त्या वेळी सरासरी प्रतीक्षा नावाची स्थिर गोष्टच उरत नाही. तासाला किमान दोन गाड्या मागे पडत जातात, आणि लिलाव बंद होईपर्यंत रांग वाढतच राहते.

आमचं उत्तर खरं आहे का, हे पाहायला दुसऱ्या दिवशी वेगळ्या वाटेने मोजलं. आठ ते अकरा या वेळात दर दहा मिनिटांनी, काट्यावरच्या गाडीसह, एकूण किती गाड्या उभ्या आहेत तेवढंच लिहायचं. अठरा नोंदी झाल्या, बेरीज ८१, सरासरी साडेचार. L = λ × W हा नियम जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला, आणि त्यात आगमन कसं आहे, सेवेचा वेळ किती बदलतो यांची कुठलीच अट नाही. म्हणून तो पडताळणीला फार उपयोगी पडतो. W = ४.५ ÷ २० तास, म्हणजे साडेतेरा मिनिटं. सूत्राचं उत्तर १५ होतं. काही गाड्यांच्या पावतीवर पोहोचल्याची वेळ लिहून ठेवली होती, त्याही चौदाच्या आसपास निघाल्या. λ = १० धरला असता तर याच नोंदींतून २७ मिनिटं आली असती, ती ना सूत्राशी जुळली असती ना घड्याळाशी. तीन वाटांपैकी दोन जुळत नसतील तर मोजण्यात कुठेतरी घोटाळा आहे, हे ओळखण्याची ही सोपी खूण आहे.

दीड मिनिटाचा फरक का उरला, त्याचंही कारण आहे. आपण वापरलेलं सूत्र वजनाचा वेळ खूप विखुरलेला धरतं, त्यात अगदी छोट्या आणि खूप लांबलेल्या वेळांनाही जागा असते. काट्यावरचा वेळ तेवढा विखुरलेला नव्हता, म्हणून खरी प्रतीक्षा थोडी कमी निघाली. उलट लिलावाची एक ओळ संपली की पाच-सहा गाड्या एकदम सुटतात, आणि त्यामुळे प्रतीक्षा वाढते. दोन्ही गोष्टी एकमेकींना थोड्या खोडतात. सकाळी आठच्या सुमाराला मात्र हे सूत्र मुळीच लागू पडत नाही. तेव्हा रांग नुकती सुरू झालेली असते आणि आपली उत्तरं व्यवहार मुरल्यानंतरची सरासरी सांगतात. तसंच, रांग पाहून कोणी दुसऱ्या काट्यावर निघून जात नाही, असंही आपण धरलं आहे. इथे ते खरं होतं, कारण जवळ दुसरा काटाच नाही.

आता दादाचा खरा प्रश्न, दुसरा काटा घ्यायचा का? दोन काटे आणि दोघांना मिळून एकच रांग असेल तर प्रतीक्षा अर्ध्या मिनिटावर येते. पण तो खर्च मोठा, आणि ते गणित एका खिडकीचं राहत नाही. त्याआधी मी अडीच मिनिटं फोडून पाहिली. गाडी चढते, आकडा स्थिर होतो, आणि मग ऑपरेटर खिडकीतून ओरडून गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव, गाव आणि व्यापाऱ्याचं नाव विचारतो आणि टाइप करतो. ट्रॅक्टरच्या आवाजात नाव दोनदा-तीनदा विचारावं लागतं. रिकामी गाडी आली की आधीच्या वजनाची नोंद शोधायची, आणि ड्रायव्हर खिशातली पावती शोधत बसतो. हे सगळं काटा अडवून चाललेलं असतं, पण यातल्या कशालाही काटा लागत नाही.

आम्ही एका मुलाला रांगेत दुसऱ्या नंबरच्या गाडीपाशी उभं केलं. तो चिठ्ठीवर सगळा मजकूर लिहून घेतो, रिकाम्या गाडीचा फक्त आधीचा पावती नंबर घेतो आणि चिठ्ठी खिडकीत देतो. गाडी चढत असतानाच नोंद उघडलेली असते. प्रत्येक वजनामागे तीस सेकंद वाचले. अडीचची दोन मिनिटं झाली, म्हणजे μ = ३०.

Wq = २० ÷ (३० × १०) तास = ४ मिनिटं
W = १ ÷ (३० − २०) तास = ६ मिनिटं

अर्धा मिनिट वाचवला आणि एका वजनामागे नऊ मिनिटं वाचली. दादाला हे आधी पटेना. पण तो अर्धा मिनिट फक्त त्या एका गाडीचा नसतो. तिच्या मागे उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीचा तो वाचतो.

पैशातही मांडून दाखवलं. ट्रॅक्टर, ड्रायव्हर आणि शेतकरी थांबले तर तासाला ३०० रुपये जातात असं धरू. आधी सरासरी ५ गाड्या थांबलेल्या असायच्या, म्हणजे तासाला १५०० रुपये. आता L = २० × ६ ÷ ६० = २, म्हणजे ६०० रुपये. तासाला ९०० वाचले आणि मुलाची मजुरी तासाला १००. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की ९०० शेतकऱ्यांचे वाचतात आणि १०० दादाच्या खिशातून जातात. दादाला त्यात स्वतःचा फायदा दिसला तो रस्त्याच्या हिशेबात.

आवारात काट्यासह ८ गाड्या मावतात. नववी आली की शेपूट रस्त्यावर, आणि तक्रार तिथून सुरू होते. n किंवा त्याहून जास्त गाड्या असण्याची शक्यता ρ चा n वा घात असते. आधी ०.८३३ चा नववा घात, म्हणजे १९ टक्के. तीन तासांत सुमारे ३५ मिनिटं रांग रस्त्यावर. आता ρ = २० ÷ ३० = ०.६६७, नववा घात २.६ टक्के, म्हणजे तीन तासांत पाचेक मिनिटं.

चिठ्ठीची पद्धत सुरू झाल्यानंतर आठवड्याने पुन्हा अठरा नोंदी घेतल्या. बेरीज ३९, सरासरी २.१७. λ वीसच होता, म्हणजे W साडेसहा मिनिटं.

दुसऱ्या काट्याचा विषय यामुळे संपलेला नाही, तो फक्त पुढे ढकलला गेला आहे. उन्हाळ कांद्याची आवक वाढली की फाटकावरच्या १० गाड्यांच्या १३ होऊ शकतात, आणि काट्यासमोर त्या २६ होतात. Wq = २६ ÷ (३० × ४) तास, बरोबर १३ मिनिटं. चिठ्ठीवाला मुलगा असूनही तिथे जुनीच प्रतीक्षा परत येते, आणि १४ झाल्या तर ती २८ मिनिटांवर जाते. म्हणून ऑपरेटरच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर आम्ही फाटकाचा आकडा लिहून ठेवला आहे: तासाला १३. रोज सकाळी नऊ ते दहा या तासात तो फाटकावरच्या गाड्या मोजतो आणि त्या ओळीखाली मांडतो. सलग आठवडाभर तेरा आले की कर्जाचे कागद बाहेर काढायचे, असं दादाने ठरवलं आहे.